‘त नाही’ हेसुद्धा कळलंच की!

"मामा, त नाही हे पण कळलंच की!" भाची म्हणाली आणि ते डोक्यात अडकूनच बसलं.

आमचा म्हणी ओळखायचा खेळ चालू होता, अक्षर मागायचं, असेल तर काना-मात्रेसकट उघडायचं. र आणि ल मागून पाटीवर एवढंच:

_ _ _ / _ _ ला / _ _ _ _ _ / _ र

दुसऱ्या शब्दाच्या शेवटी ला, म्हणजे बहुतेक विभक्ती, कशाला तरी काहीतरी. मग मी त मागितला, मराठीत जिकडे तिकडे त असतो ना, आणि एकही चौकोन उघडला नाही. तिने सरळ ळ मागितला, तसा कमीच येणारा, पण पहिल्या शब्दाचं शेवटचं घर उघडलं आणि तिसरा झाला _ ळ _ ळा _. असं दोनदा येणारं ळ म्हणजे आवाजाचा शब्द असणार, शेवटी ट. मी म्हटलं तळतळाट, तेव्हा तिचं ते वाक्य आलं. त तर नाहीच, मग खळखळाट! पुढे उथळ पाण्याला फार आपोआप.



आपण उघडलेल्या अक्षरांकडेच बघत बसतो बहुतेक. तुम्ही पहिलं अक्षर कुठलं मागता?