चाळीतला कांदा आणि माझी चुकलेली उत्तरसूची

नाशिक जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवतो. वर्गातली निम्मी मुलं कांदा उत्पादकांच्या घरातली. म्हणून वर्तणूक अर्थशास्त्राच्या चाचणीत मी मुद्दाम त्यांच्या ओळखीचा प्रश्न घातला होता. एका शेतकऱ्याला उन्हाळ कांद्याला क्विंटलमागे 1200 रुपये खर्च आला. बाजार समितीत आज भाव 900 आहे. क्विंटलमागे 300 रुपये तोटा होतो म्हणून तो माल न विकता चाळीत ठेवतो. यात कोणता भ्रम दिसतो? पर्याय चार: लॉस अव्हर्जन, अँकरिंग, फ्रेमिंग, सन्क कॉस्ट. माझ्या उत्तरसूचीत सन्क कॉस्ट, म्हणजे बुडीत खर्चाचा भ्रम.

पेपर वाटले आणि तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिने लॉस अव्हर्जन लिहिलं होतं, त्याचा एक गुण गेला होता. पण ती गुणासाठी उठली नव्हती. म्हणाली, "सर, आमच्या वडिलांनीही माल चाळीत ठेवलाय. पण खर्च 600 आला असता तरी त्यांनी ठेवलाच असता. उन्हाळ कांदा ठेवायसाठीच असतो. मग यात भ्रम कुठला?"

मी फळ्याकडे वळलो, कारण तोंडावर उत्तर नव्हतं. मार्च-एप्रिलमध्ये निघालेला कांदा पुढे चार-पाच महिने चाळीत ठेवून, आवक घटल्यावर विकणं हा इथला नेहमीचा धंदा आहे. भाव वाढेल या अंदाजाने थांबणारा माणूस चुकत नाही. खर्चाचा आकडा विचारात घेऊन थांबणारा चुकतो. आणि दोघंही बाहेरून अगदी सारखेच दिसतात, दोघांच्याही चाळीला कुलूप असतं. माझ्या प्रश्नात त्यांना वेगळं ओळखण्याची सोयच नव्हती.

तास मग तिथेच थांबवला आणि तिच्या घरचा हिशेब फळ्यावर मांडला. 100 क्विंटल माल. आज विकला तर 90,000 रुपये. ठेवला तर चार महिन्यांत वजन घटेल, काही सडेल, काहींना कोंब येतील. तिच्या अंदाजाने 70 क्विंटल विकण्याजोगा उरेल. निवडणीची मजुरी 6,000 धरली. म्हणजे तेव्हा 96,000 मिळाले तरच आज विकल्याची बरोबरी, आणि 96,000 भागिले 70 म्हणजे क्विंटलला साधारण 1371. भाव याच्या वर जाईल असं वाटत असेल तर ठेवावा, नाहीतर विकावा. मुलांना मी एवढंच विचारलं, या हिशेबात 1200 कुठे आला? कुठेच आला नव्हता. बुडीत खर्च म्हणजे नेमकं हेच. आज विका किंवा चार महिन्यांनी, बियाणं, खत, लावणीची मजुरी परत येत नाही. ती दोन्ही बाजूंना सारखीच असते, म्हणून निर्णयातून वजा होते.

आता समजा भाव 1250 वर गेला. "1200 च्या खाली देणार नाही" असं ठरवून बसलेला माणूस त्या दिवशी ट्रॅक्टर भरेल आणि खर्च निघाला म्हणून समाधानाने घरी येईल. पण 70 क्विंटलचे 87,500 होतात, त्यातून मजुरी गेली की 81,500. आज विकून आले असते त्यापेक्षा 8,500 कमी. शिवाय खर्चही निघालेला नसतो, कारण 1,20,000 रुपये आता 70 क्विंटलवर वाटायचे आहेत, म्हणजे क्विंटलला 1714. हे गणित सुटलं तेव्हा मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "सर, गेल्या वर्षी आम्ही हेच केलं." मला ते वाक्य त्या दिवसभर ऐकू येत राहिलं.

मग तिचं लॉस अव्हर्जन बरोबर होतं का? अर्धवट. एका ठराविक रकमेचा तोटा तेवढ्याच फायद्यापेक्षा जास्त बोचतो, ही कानेमन आणि ट्वर्स्की यांची 1979 सालची मांडणी. पण तोटा कशापासून मोजायचा, तो संदर्भबिंदू आधी ठरावा लागतो. इथे तो बिंदू 1200 आहे, म्हणजे बुडीत खर्चानेच तो रोवला. म्हणून हे दोन भ्रम एकमेकांत अडकतात आणि मुलं गोंधळतात. आणखी एक गोष्ट आम्ही शिक्षकही घाईत गाळतो. निश्चित तोटा पत्करण्यापेक्षा माणूस जुगार खेळतो, हे तोटा जास्त बोचण्यामुळे तेवढं घडत नाही. पहिल्या 300 चा तोटा जितका लागतो तितका पुढचा 300 चा लागत नाही, म्हणून अजून थोडं बुडालं तरी चालेल पण बरोबरी साधण्याची संधी सोडायची नाही, असं वाटतं. एकाच मांडणीतले हे दोन वेगळे भाग आहेत.

अँकरिंग तिनेच शोधून दिलं. वडील कोणत्या भावाची वाट बघतायत, असं मी विचारलं. ती म्हणाली, 2500, कारण शेजाऱ्यांचा एक ट्रॅक्टर मागे त्या भावाने गेला होता. हा आकडा फायदा-तोटा ठरवत नाही, तो पुढच्या भावाचा अंदाजच स्वतःकडे ओढतो. 1974 च्या प्रसिद्ध प्रयोगात चक्र फिरवून 10 किंवा 65 आकडा आणला आणि मग संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचं प्रमाण विचारलं. 10 बघितलेल्यांचा मध्यक अंदाज 25 टक्के, 65 वाल्यांचा 45. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर चक्रासारखा अगदीच असंबद्ध नाही, म्हणून तर तो जास्त फसवतो.

आणि फ्रेमिंग माझ्याच वाक्यात होतं. "300 रुपये तोटा होतो" असं मी लिहिलं होतं. "क्विंटलमागे 900 हातात येतात" असंही लिहिता आलं असतं, पैसे तेवढेच.

चारही पर्यायांना जागा होती, म्हणून मी तो प्रश्न रद्द केला आणि सगळ्यांना गुण दिला. रात्री आर्क्स आणि ब्लूमर यांचा 1985 चा प्रश्न पुन्हा वाचला. स्कीइंगच्या दोन सहलींची तिकिटं काढलीत, एक 100 डॉलरची, दुसरी 50 ची, आणि दोन्ही एकाच शनिवार-रविवारी आल्या. 50 वालीत जास्त मजा येईल, हे ते प्रश्नातच सांगून टाकतात. तरीही निम्म्याहून जास्त जणांनी 100 वाली निवडली. पुढे काय मिळणार ते आधीच पक्कं केल्यामुळे ओढणारी गोष्ट एकच उरते, गेलेले पैसे. माझ्या प्रश्नात हीच खुंटी ठोकलेली नव्हती. मी तो नव्याने लिहिला: पुढील चार महिने भाव 900 च्याच आसपास राहील याची शेतकऱ्याला खात्री आहे, माल सडतो हेही त्याला माहीत आहे, तरी "घातलेला खर्च निघाल्याशिवाय देणार नाही" म्हणून तो थांबतो. आता उत्तर एकच.

जाताना त्या मुलीला एक प्रश्न घरी विचारायला दिला होता. चाळ रिकामी आहे आणि हातात 90,000 आहेत असं समजा. आज 900 ने 100 क्विंटल कांदा विकत घेऊन चाळीत भराल का? दुसऱ्या दिवशी ती तास सुरू व्हायच्या आधीच दारात उभी होती.

"वडील बराच वेळ काही बोललेच नाहीत, सर. मग म्हणाले, सगळा नाही घेणार, निम्मा घेईन."

"मग?"

"आज सकाळी पन्नास क्विंटल लिलावाला नेलाय."