बोटीवरचे कागद आणि त्यांच्या तारखा

‘दादा, बोटीवर रुजू होताना, साइन ऑनच्या वेळी तुमचं एकही सर्टिफिकेट कसं अडकत नाही? फाइल नेमकी कशी ठेवता?’

माझ्या कॅलेंडरवर सर्टिफिकेट संपण्याची तारीख नसतेच मुळी. तिथे असते ते सर्टिफिकेट घेऊन बोटीवर चढता येईल अशी शेवटची तारीख. मेडिकल फार तर दोन वर्षं चालतं. समजा, ते 15 सप्टेंबर 2026 ला संपतंय. करार सहा महिन्यांचा, आणि आपल्या जागी येणारा रिलीव्हर वेळेवर येईल यावर विसंबायचं नाही म्हणून वर दोन महिने धरतो. असे आठ महिने मागे गेलं की 15 जानेवारी 2026 येते. त्यानंतर साइन ऑन असेल तर नवं मेडिकल करूनच निघायचं, जुनं कितीही ‘चालू’ दिसलं तरी. भर समुद्रात मेडिकल संपलंच तर पुढच्या बंदरापर्यंत, जास्तीत जास्त तीन महिने, नियम सांभाळून घेतो; पण ती सवलत धरून बोटीवर माणसं पाठवणारं मॅनिंग ऑफिस तुम्हाला चढवणार नाही.

आगीच्या आणि सर्व्हायव्हलच्या रिफ्रेशरचा हिशोब तोच, मुदत पाच वर्षांची. फक्त तिथे कोर्सची जागा मिळायला वेळ जातो, म्हणून आठवण आणखी एक महिना अलीकडे लावतो. यलो फिव्हरचं कार्ड मात्र 2016 पासून आयुष्यभर चालतं, तरी दर दहा वर्षांनी सुई टोचून घेणारे अजून भेटतात!

स्कॅन 300 डीपीआयवर, रंगीत, मागची बाजूसुद्धा, कारण बरेचदा शिक्के तिकडेच असतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत पुढे वापरू नका. ते फोटो दाबून लहान करतं आणि शिक्क्यावरचे आकडे पुसट होतात. फाइलच्या नावात तारीख आधी घालतो:

`2026-09-15_Medical.pdf`

नावाप्रमाणे लावलं की आधी संपणारा कागद आपोआप सगळ्यात वर येतो. पासपोर्ट नवा झाला तरी जुन्याचं स्कॅन काढून टाकत नाही, कारण त्यातला अमेरिकेचा व्हिसा चालू असू शकतो. तेव्हा दोन्ही पुस्तकं सोबत न्यावी लागतात. बंदरावर मूळ कागदच दाखवावा लागतो, त्याची जागा स्कॅन घेत नाही.

प्रती तीन: घरच्या लॅपटॉपवर, पासवर्ड लावलेल्या पेनड्राइव्हवर आणि क्लाउडवर. क्लाउडची गोम वेगळीच आहे. नव्या मोबाइलवरून उघडायला गेलात की ओटीपी भारतातल्या सिमवर येतो आणि बोटीवर त्या सिमला रेंज नसते. म्हणून गूगल खात्याचे बॅकअप कोड कागदावर उतरवून सीडीसीच्या, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तिकेच्या, पाकिटात ठेवतो, पासवर्ड मात्र त्यात नाही. पेनड्राइव्हचा पासवर्ड बायकोला माहीत आहे. निघण्याआधी तिला तिच्या मोबाइलवर एक फाइल उघडून बघायला सांगतो. उघडली नाही तर त्याच दिवशी नवी प्रत करतो.