चिऱ्याचा हौद, ईशान्येचा कोपरा आणि काथ्याची लडी

मागच्या नोंदीत डासांच्या अळ्या खाणाऱ्या पिकू माशांनी चिऱ्याच्या मोठ्या हौदात चांगला जम बसवल्याचे लिहिले होते, आणि ते आजही खरे आहे. दांड्याच्या पांढऱ्या भांड्याने हौदाच्या कडेला नमुना घेतला, तर पहिल्या-दुसऱ्या अवस्थेतल्या बारीक अळ्या सापडतात, पण मोठ्या अळ्या आणि कोष सापडत नाहीत. हे यशाचे लक्षण आहे, कारण डासांची मादी अंडी घालतच राहते आणि अळ्या मोठ्या होण्याआधी मासे त्यांना टिपत असतात. केवळ अळ्या दिसल्या म्हणून मासे निकामी ठरवणाऱ्यांनी मोजणी अवस्थेनुसार करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

शिमग्यानंतर मात्र याच हौदाच्या ईशान्येच्या कोपऱ्यात कोष सापडू लागले. बाकीच्या तीन कोपऱ्यांत एकही नव्हता. आमच्या गुहागरच्या वाडीत दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि हौदावर तरंगणारे सगळे, म्हणजे सुपारीचा मोहोर, धूळ आणि सुटे झालेले तंतुमय शेवाळ, त्या कोपऱ्यात लोटून ठेवतो. नारळाच्या हिराने तो थर हलकेच बाजूला केल्यावर खाली अनॉफेलिसच्या अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, सपाट पडलेल्या दिसल्या. क्युलेक्सप्रमाणे डोके खाली करून त्या लोंबकळत नाहीत. पिकूचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असल्याने पृष्ठभागावरचे भक्ष्य टिपणे हे त्याचे खास काम आहे, परंतु शेवाळाचा दाट जाळीदार थर भेदून आत शिरणे त्याला जमत नाही. मासा थराच्या कडेकडेने फिरतो आणि आतल्या अळ्या निर्धास्त वाढून कोषात जातात. उन्हाळ्यात पाणी तापले की हा सगळा प्रवास आठवडा-दहा दिवसांत उरकतो. थर हलवला की अळ्या बुडी मारतात, म्हणून नमुना घेण्याआधी काही मिनिटे स्वस्थ थांबावे लागते. एरवी भांडे रिकामेच वर येते.

उपाय उघड होता, तो म्हणजे शेवाळ काढणे. जाळीच्या झाऱ्याने कोपरा नियमित स्वच्छ ठेवल्यावर तिथले कोष नाहीसे झाले. पण त्याबरोबर दुसरी अडचण उभी राहिली. पिकू हा गप्पीसारखा पिल्ले देणारा मासा नाही. त्याची चिकट अंडी शेवाळाला आणि पाणवनस्पतींच्या मुळांना चिकटलेली असतात, त्यामुळे शेवाळाबरोबर पुढची पिढीही झाऱ्यात येत होती. काढलेल्या शेवाळात भिंग लावून पाहिल्यावर जेमतेम दोन मिलिमीटरची काचेसारखी गोल अंडी दिसली, आणि एकात तर डोळ्यांचे दोन काळे ठिपकेही स्पष्ट होते. इतके सुंदर काही या हौदात मी आजवर पाहिले नव्हते.

या हौदात गप्पी सोडून मोकळे व्हावे, असा विचार होता. गप्पी घाण पाण्यातही तग धरतात आणि त्यांची वीण आपोआप होते, म्हणूनच सरकारी मोहिमांत ते सर्रास वापरले जातात. परंतु हाताच्या बोटाएवढा पिकू गप्पीची पिल्ले अळ्यांइतक्याच आवडीने खातो, त्यामुळे दोन्ही एकत्र ठेवण्यात अर्थ नाही. शिवाय शोभेच्या मत्स्यविक्रेत्याने दाखवलेले लांब शेपटीचे रंगीत गप्पी उघड्या हौदात खंड्याच्या नजरेत लगेच भरतात. ज्यांना गप्पीच हवे आहेत त्यांनी साधे, मळकट रंगाचे मागावेत. गंबुशियाचा तर मी विचारच करत नाही, कारण ते इतर माशांची आणि बेडकांची अंडी-पिल्ले फस्त करतात, आणि आमच्या हौदाचे पाणी पावसाळ्यात भरून वाहिले की थेट व्हाळाला मिळते.

शेवटी तोडगा वाडीतच मिळाला. भिजवून, पाणी तांबडे उतरेनासे होईपर्यंत धुतलेला काथ्या मोकळा करून त्याची लडी बांधली, आणि ती मोकळ्या शहाळ्याला टांगून सावलीच्या बाजूला सोडली. लडी पृष्ठभागाखाली सुटी लोंबत असल्याने अळ्यांना लपायला वरचा थर मिळत नाही, आणि पिकूला अंडी चिकटवायला हवे तसे तंतू मिळतात. अंडी दिसली की लडी हौदाच्याच पाण्याने भरलेल्या वेगळ्या टबात हलवायची, कारण मोठे मासे स्वतःची पिल्लेही सोडत नाहीत. साधारण दोन आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात. पहिल्या टबात ती आली आहेत; वरून पाहिल्यास डोक्यावरचा चंदेरी ठिपका तेवढा हलताना दिसतो. टबावर जाळी ताणून बांधली आहे, कारण मोठी होताच पिकू सहज उड्या मारतात.

हे लिहिता लिहिता सुचले की ईशान्येच्या कोपऱ्याच्या अलीकडे बांबूची तरती काठी आडवी लावावी, म्हणजे वाऱ्याने येणारे शेवाळ उघड्या कडेलाच अडेल आणि झाऱ्याच्या टप्प्यात राहील. बांबू पाण्यात किती काळ टिकतो ते पाहून, टिकला नाही तर पीव्हीसी नळीची दोन्ही तोंडे बंद करून तीच वापरेन. सांडव्याच्या भोकाला जाळी मात्र मिरगाआधी बसवायचीच आहे. बारीक जाळी पाचोळ्याने तुंबते आणि मोठ्या जाळीतून पिल्ले निसटतात. कोणी चिऱ्याच्या सांडव्यावर दुहेरी जाळी लावली असेल, तर आतली-बाहेरची मापे जरूर कळवावीत.