शंभर फासे आणि एक चिवट लाल

नववीत असताना बाईंनी आमच्या गटापुढे द्राक्षांचं रिकामं खोकं ठेवलं. नाशिकमध्ये या खोक्यांना तोटा नाही. आत मेनरोडवरून आणलेले लुडोचे शंभर फासे. खोकं हलवायचं, ज्यांवर सहा पडला ते फासे बाजूला काढायचे, उरलेले मोजून वहीत लिहायचे, पुन्हा हलवायचं.

दर वेळी सहावा हिस्सा जाणार, म्हणजे सहा फेऱ्यांत खेळ खलास, असा माझा हिशोब. डबा खायला वेळ उरेल म्हणून मी खूश.

पहिल्या फेरीनंतर ८२ उरले, मग ७०. तिसऱ्या फेरीला घोळ झाला. खोक्यात ५७, बाजूला ४१, बेरीज ९८. दोन फासे उसळून बाकाखाली गेले होते. दोन्हींवर सहा नव्हता, ते परत आत घातले, ५९ झाले. तेव्हापासून दर फेरीला दोन्ही ढीग मोजायला लागलो.

चौथ्या फेरीनंतर ४९. निम्मे गेले! "आता आणखी चार फेऱ्या की संपलं," मी जाहीर केलं. आठवी फेरी झाली, उरले २४. बारावी झाली, १२.

मी काढलेल्या फाशांचे आकडे पुन्हा वाचले: १८, १२, ११, १०, ९, ६, ५, ५. ढीगच लहान होत होता, म्हणून जाणारेही कमी. प्रत्येक फाशाची जाण्याची शक्यता मात्र सहात एकच.

"बाई, शंभराचे पन्नास व्हायला जेवढ्या फेऱ्या, तेवढ्याच पन्नासाचे पंचवीस व्हायला!"

"तेच अर्धायुष्य," म्हणत बाईंनी पाचही गटांचे चौथ्या फेरीनंतरचे आकडे फळ्यावर लिहिले: ४९, ४६, ५३, ४४, ५१. आमच्यातच कोण बरोबर यावरून भांडण लागणार होतं, पण बेरीज आली ५०० पैकी २४३. गणिताने २४१ यायला हवेत. म्हणजे निम्मे चौथ्या फेरीच्या जरा आधीच होतात, साधारण ३.८ फेऱ्यांत.

मग बाईंनी रेडॉन-२२२ या किरणोत्सारी वायूचं अर्धायुष्य लिहिलं: ३.८ दिवस. रेडॉनचे अणूही दिवसाला जवळपास सहावा हिस्सा फुटतात, म्हणजे आमची एक फेरी हा त्याचा एक दिवस. फरक एवढाच की अणू फेरीची वाट बघत नाहीत, कुठल्याही क्षणी फुटतात.

इकडे खोक्यात एकोणिसाव्या फेरीपासून एकच लाल फासा उरला होता. दर फेरीला आम्ही ओरडायचो, "आता तरी सहा पडायलाच हवा!"

"का?" बाई म्हणाल्या. "तो आधी किती वेळा वाचला, हे त्याला कुठे ठाऊक?"

सत्ताविसाव्या फेरीला तो गेला. डबा राहिला तो राहिलाच.