त्रिशूरचं लग्न आणि अनोळखी कंपनीचं तिकीट

नेरुळला आमच्या शेजारी राहणाऱ्या मल्याळी काकांच्या मुलीचं लग्न त्रिशूरला होतं. मुहूर्त सकाळचा, अकराच्या आतला. नेत्रावती एक्सप्रेस ठाणे-पनवेलहून थेट त्रिशूरला जाते, पण दिवसभराहून जास्त वेळ खाते. आईला तेवढं बसवणं शक्य नव्हतं, त्यामुळे विमानानं कोची आणि तिथून टॅक्सी असं ठरलं.

तिकिटं बघायला बसलो तर दोन आकडे समोर आले. नेहमीच्या कंपनीचं तिकीट माणशी ५,२०० आणि एका नव्या, लहान कंपनीचं ३,६००. दोन्ही नॉन-रिफंडेबल. आम्ही तिघं, म्हणजे एका बाजूला ४,८०० रुपयांचा फरक. बायको म्हणाली, "एवढे पैसे वाचतायत खरे, पण या कंपनीनं गेलेलं आपल्या ओळखीत कुणी आहे का?" कुणीच नव्हतं.

नॉन-रिफंडेबल या शब्दाला आपण उगाच घाबरतो. ते बंधन आपण तिकीट रद्द केलं तर आहे. कंपनीनं स्वतः उड्डाण रद्द केलं तर डीजीसीए या सरकारी विमान नियामक संस्थेच्या नियमाप्रमाणे पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा द्यावाच लागतो, तिकीट कितीही स्वस्तातलं असो. आपणच रद्द केलं तरी विमानतळाचे कर आणि शुल्क परत मिळतात. म्हणजे खरी भीती ३,६०० रुपये बुडण्याची नसते, आदल्या संध्याकाळी उड्डाण रद्द झालं तर पुढे काय, याची असते.

त्यामुळे मी सरासरी उशिराकडे फारसं बघितलं नाही. डीजीसीए दर महिन्याला देशांतर्गत वाहतुकीचा अहवाल काढते. त्यात वेळेवर सुटणाऱ्या विमानांची टक्केवारी असते, पण ती मोजक्या मोठ्या विमानतळांवरची, आणि पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर वेळेवरच धरतात. कोची त्या यादीत नाही. माझ्या कामाचा तक्ता त्याच अहवालातला दुसरा होता, कंपनीनिहाय रद्द झालेल्या उड्डाणांचा. साधारण महिन्यात सगळ्या कंपन्यांचा मिळून तो आकडा एक टक्क्याच्या आसपास असतो. एखादी लहान कंपनी एका महिन्यात वर गेली तर बिघडत नाही, पावसाळा असेल किंवा धुकं असेल. पण लागोपाठ काही महिने ती इतरांच्या दुप्पट-तिप्पट राहिली, तर विमानं किंवा वैमानिक कमी पडतायत असं मी समजतो. आम्ही बघत होतो त्या नव्या कंपनीचा आकडा इतरांपेक्षा थोडा वर होता, पण महिन्यागणिक चढत नव्हता.

मग नेमकं आपलं उड्डाण तपासलं. फ्लाइटरडार२४ या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर उड्डाणाचा क्रमांक टाकला की गेल्या आठवड्याचा इतिहास फुकट दिसतो. त्यात नोंदणी क्रमांकही असतो, VT पासून सुरू होणारा. तो दाबला की ते विमान दिवसभर कुठे कुठे फिरतं ते कळतं. आमचं संध्याकाळचं उड्डाण करणारं विमान पहाटेपासून चार शहरं करून मुंबईला येत होतं. सकाळच्या उड्डाणांना उशीर जवळजवळ नव्हता, संध्याकाळी मात्र तासाभराचा नेहमीचाच, कधी दोन तासांचा. रद्द झालेलं एकही दिसलं नाही. एक आठवडा फार थोडा, म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा पाहिलं. चित्र तेच.

इथपर्यंत कंपनी वाईट नव्हती. प्रश्न दुसराच होता: मुंबईहून कोचीला तिचं दिवसाला एकच उड्डाण. नेहमीच्या कंपनीची अनेक. एक रद्द झालं तर ती आपल्याला त्याच दिवशी पुढच्यात बसवू शकते. लहान कंपनीकडे सहसा राखीव विमान नसतं, म्हणून तिचं पर्यायी विमान म्हणजे उद्याचं. लग्न आटोपून सद्या, म्हणजे तिथलं लग्नाचं जेवण, वाढून झाल्यावरचं.

मोठं नाव म्हणजे खात्री, असंही नाही. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्ण लागू झाल्यावर डिसेंबरमध्ये इंडिगोचं वेळापत्रक कोलमडलं आणि ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द झाली. देशातली सर्वात मोठी कंपनी अडली की उरलेल्यांच्या तिकिटांचे भाव पळतात, आणि पर्याय असून नसल्यासारखे होतात.

मग हिशोब मांडला. रद्द झालं तर आयत्या वेळचं तिकीट बारा हजारांच्या घरात धरलं. परतावा वजा केला की माणशी आठेक हजारांचा खड्डा, तिघांचा चोवीस हजार. वाचणार होते ४,८००. म्हणजे पाचपैकी एकदा उड्डाण रद्द होत असेल तरच स्वस्त तिकीट महाग पडेल, आणि इतकी वाईट कंपनी आपल्याकडे टिकणारच नाही. पैशाच्या हिशोबानं नवी कंपनी सरळ जिंकत होती. हे उत्तर मला मुळीच अपेक्षित नव्हतं. पण मुहूर्त बारा हजारांत परत मिळत नाही. आणि परतीला मुहूर्त नव्हता!

देशांतर्गत तिकिटं एकेरी घेतली तरी महाग पडत नाहीत. म्हणून जाताना नेहमीची कंपनी, तीही आदल्या दिवशी सकाळची, म्हणजे दिवसभराची उरलेली उड्डाणं हाताशी. आणि येताना नवी.

पैसे भरताना एक काळजी घेतली. गो फर्स्टनं २ मे २०२३ ला दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्या दिवसापासून उड्डाणं थांबली. अशा वेळी परताव्याचा नियम कागदावरच राहतो, प्रवासी घेणेकऱ्यांच्या रांगेत मागे उभा राहतो. म्हणून तिकीट कंपनीच्याच साइटवर, क्रेडिट कार्डानं काढलं. सेवा मिळाली नाही तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत, मागता येतो. आणि महिनोन्‌महिने आधीचं नाही काढलं. लहान कंपनीत पैसे जितके जास्त दिवस पडून, तितकी धाकधूक.

जाताना काही घडलं नाही. कोचीच्या नेडुंबासेरी विमानतळावर उतरलो, हा विमानतळ पूर्ण सौरऊर्जेवर चालतो, पॅनेलची शेतंच्या शेतं दिसतात. संध्याकाळी आईला त्रिशूरच्या स्वराज राउंड या गोल रस्त्यावरून वडक्कुनाथन मंदिरात नेलं. लग्न आपल्याकडच्यापेक्षा फारच आटोपशीर, आईला तर अक्षता कधी पडणार हेच कळेना. केळीच्या पानावरचं जेवण मात्र आटोपशीर अजिबात नव्हतं.

परतीच्या दिवशी दुपारी फोनवर आमच्या विमानाचा शोध घेतला. कंपनीच्या ॲपवर 'वेळेवर' लिहिलेलं, पण विमान अजून दोन शहरं मागे होतं. विमान आल्यावर उतरणं, सफाई, इंधन, चढणं यात कमीत कमी अर्धा तास जातो. म्हणजे तासभर उशीर नक्की, हे कंपनीच्या मेसेजआधी दोन तास कळलं. "मग सावकाश निघू या की," आई म्हणाली. तिला थांबवलं. उशीर जाहीर झाला तरी काउंटर बहुतेक वेळा मूळ वेळेप्रमाणेच बंद होतो, देशांतर्गतला साठ मिनिटं आधी. म्हणून वेळेवर पोहोचलो, सामान दिलं, आणि मग आत निवांत चहा घेत बसलो. विमान सव्वा तास उशिरा सुटलं. नेरुळला पोहोचायला मध्यरात्र उलटली, पण दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि तो मी तिकीट काढतानाच पाहून ठेवला होता.