कीपॅड कुलूप, नोंद तिसरी: वीज गेल्यावर चुका विसरणारी मोजणी

रामबागेतल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवरील खोलीला मी बसवत असलेल्या कुलपाची जोडणी मागील नोंदीत पूर्ण झाली होती. त्यात आर्डुइनो उनो, चार बाय चारचा पातळ कीपॅड आणि रिलेवर चालणारे 12 व्होल्टचे सोलेनॉइड कुलूप आहे. चार आकडी कोड एटीमेगा 328पी या चिपच्या 1024 बाइट ईईप्रॉममध्ये असल्याने वीज गेली तरी तो टिकतो. तीनदा चुकल्यास पाच मिनिटे कीपॅड बंद राहील, अशीही सोय मी केली होती.

ही सोय माझ्या पुतण्याने दहा मिनिटांत निकालात काढली. आमच्या घराचा मेन स्विच जिन्याच्या चौकात, म्हणजे कुलपाच्या बाहेरच्या बाजूला आहे. त्याने तीन चुकीचे कोड दाबले, स्विच खाली-वर केला आणि म्हणाला, "काका, हे तर पुन्हा तीन संधी देतंय!" दोष उघड होता. कोड ईईप्रॉममध्ये होता, पण चुकांची मोजणी साध्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे रॅममध्ये होती. तीन प्रयत्न आणि स्विचची खटपट मिळून पंधरा सेकंद धरले, तर सगळे 10,000 कोड सुमारे चौदा तासांत तपासून होतात.

मोजणी ईईप्रॉममध्ये हलवल्यावर प्रश्न सुटला असे मला वाटले, परंतु पुतण्याने पुन्हा वाट शोधली. माझा प्रोग्रॅम कोड ताडून पाही, "चुकीचा कोड" असा संदेश दोन सेकंद दाखवी आणि मग मोजणी लिही. संदेश दिसताच वीज तोडली की ती चूक कुठेच नोंदली जात नसे. म्हणून आता प्रयत्नाची नोंद कोड ताडण्यापूर्वीच होते आणि कोड बरोबर निघाला तरच ती पुसली जाते:

```cpp
byte n = EEPROM.read(ADDR_TRY) + 1;
EEPROM.update(ADDR_TRY, n);
if (codeMatches()) {
  EEPROM.update(ADDR_TRY, 0);
  openLock();
} else if (n >= MAX_TRY) {
  lockout();
}
```

राहिला पाच मिनिटांचा प्रश्न. `millis()` वीज आल्यावर शून्यापासून सुरू होते, त्यामुळे किती वेळ उरला होता हे चिपला कळत नाही. यासाठी घड्याळाची वेगळी चिप लावणे मला अवाजवी वाटले. सुरू होताना मोजणी तीन किंवा अधिक दिसली, तर पाचही मिनिटे पहिल्यापासून मोजायची, असे मी ठरवले. मुदत संपल्यावर मोजणी शून्यावर न नेता दोनवर आणली जाते, म्हणजे पुढे दर पाच मिनिटांना एकच संधी मिळते. या गतीने सगळे कोड तपासायला जवळजवळ पस्तीस दिवस लागतील.

पहिल्याच चाचणीत मात्र कुलूप एकही कळ दाबण्यापूर्वी पाच मिनिटे रुसून बसले. कोऱ्या ईईप्रॉमचा प्रत्येक बाइट 255 वाचला जातो आणि 255 ही संख्या तीनपेक्षा मोठी आहे, हे मी विसरलो होतो. आता सुरुवातीचा कोड आणि शून्य मोजणी एक वेगळा छोटा प्रोग्रॅम एकदाच लिहितो. मुख्य प्रोग्रॅमला कोरी जागा दिसली, तर तो ठरावीक कोड स्वतःहून भरत नाही, दार बंदच ठेवतो. या 255 चा एक फायदाही आहे. एक बाइट लिहायला सुमारे 3.3 मिलिसेकंद लागतात आणि त्यात आधी जागा पुसली जाते. नेमकी तेव्हाच वीज गेली, तर बहुधा 255 उरेल आणि कुलूप उघडण्याऐवजी मुदतीत जाईल.

झिजेचा हिशेबही करून ठेवला. ईईप्रॉमच्या एका जागेची ग्वाही 1,00,000 लेखनांची आहे. बरोबर कोडाने दार उघडतानाही मोजणी दोनदा लिहिली जाते, एकदा एक आणि एकदा शून्य. दिवसाला वीस वेळा दार उघडले, तर ही मर्यादा गाठायला सुमारे सात वर्षे लागतील. तोवर मोजणीची जागा बदलता येईल आणि कोड वेगळ्या जागेत असल्याने त्याला धक्का लागणार नाही.

काल संध्याकाळी पुतण्याने तीन चुकांनंतर वीस वेळा स्विच पाडला आणि विसाव्या वेळीही पडद्यावर पाच मिनिटेच होती. सध्याची अडचण निराळी आहे: त्याच्या या खेळामुळे मलाही पाच मिनिटे जिन्यात उभे राहावे लागले.