छायाचित्रावरून व्हॉल्व्ह ओळखणे : हँडल, बॉडी आणि फ्लँजचे गुणोत्तर

जुन्या कारखान्यांच्या आणि पंपघरांच्या छायाचित्रांतील व्हॉल्व्ह गेट, बॉल की ग्लोब हे ठरवण्याचा माझा उद्योग आता अशा टप्प्यावर आला आहे, की दांडा असलेले व्हॉल्व्ह मी पटकन बाजूला काढतो आणि उरलेला सगळा वेळ चाकवाल्या व्हॉल्व्हवर घालवतो. खरी अडचण तिथेच आहे, कारण गेट आणि ग्लोब या दोघांनाही चाक असते, दोघांनाही बॉडीवर बसणारे झाकण, म्हणजे बॉनेट, असते आणि रंगाचे थर चढल्यावर अंधारातल्या छायाचित्रात ते सारखेच दिसू लागतात.

दांड्याच्या बाबतीत थोडक्यात एवढेच नोंदवतो. बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात उघडतो आणि बंद होतो, त्यामुळे त्याला लांब दांडा पुरतो. दांडा पाइपच्या रेषेत असेल तर व्हॉल्व्ह उघडा, काटकोनात असेल तर बंद. आतला गोळा जागेवरच फिरतो, वर उचलला जात नाही, म्हणून बॉडीवर उंच बॉनेट नसते आणि दांडा बॉडीला जवळजवळ चिकटलेला दिसतो. मात्र बटरफ्लाय व्हॉल्व्हलाही दांडाच असतो. त्याची बॉडी दोन फ्लँजमध्ये, म्हणजे पाइपच्या टोकांना असलेल्या बोल्टने जोडायच्या गोल चकत्यांमध्ये, अडकवलेल्या पातळ कड्यासारखी दिसते आणि दांड्याखाली बहुधा खाचा पाडलेली पट्टी असते, म्हणून दांडा पाहिल्यावर बॉडीची जाडी पाहिल्याशिवाय नाव लिहू नये. उलट मोठ्या बॉल व्हॉल्व्हवर गिअरबॉक्स बसवून चाक लावलेले असते. त्या चाकाचा आस आडवा असतो आणि चाक बॉडीच्या डोक्यावर नसून बाजूला असते.

आता चाकवाल्यांकडे वळू. गेट व्हॉल्व्हमध्ये पाचर पूर्ण वर ओढली जाऊन प्रवाहाची वाट मोकळी होते. पाचरीला वर जायला जागा लागते म्हणून बॉनेट उंच असते, आणि पाचर पातळ असल्याने पाइपच्या दिशेने बॉडी आखूड व चपटी राहते. ग्लोब व्हॉल्व्हमध्ये प्रवाह आडव्या पडद्यातल्या सीटमधून वर वळून पुन्हा खाली येतो. या वळणासाठी बॉडीला पोट सुटते आणि लांबीही वाढते. तबकडी मात्र सीटच्या व्यासाच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकी उचलली तरी पुरते.

चाकाला आतल्या पाचरीशी किंवा तबकडीशी जोडणारा स्पिंडलही बरेच सांगतो. बाहेर योक, म्हणजे चाक पेलणारी चौकट, असलेल्या आणि स्पिंडल वर येणाऱ्या गेट व्हॉल्व्हमध्ये चाक एकाच उंचीवर फिरते आणि आटे पाडलेला स्पिंडल चाकाच्या मधून वर निघतो. उघड्या स्थितीत चाकाच्या वर आट्यांची चांगली लांब कांडी दिसते. बहुतेक लहान-मध्यम ग्लोब व्हॉल्व्हमध्ये चाक स्पिंडलच्या टोकालाच नटने बसवलेले असते आणि त्याच्यासह वर-खाली होते, म्हणून आटे दिसलेच तर चाकाच्या खाली दिसतात. चाकाच्या वर आटे दिसले तर मी ‘गेट’कडे झुकतो. आटे न दिसल्यास मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण स्पिंडल वर न येणारे गेट व्हॉल्व्हही भरपूर वापरात आहेत.

म्हणून सध्या माझा सर्वात जास्त भरवसा एका गुणोत्तरावर आहे : एका फ्लँजच्या बाहेरील पृष्ठभागापासून दुसऱ्याच्या बाहेरील पृष्ठभागापर्यंतची लांबी भागिले फ्लँजचा व्यास. दोन्ही मापे एकाच छायाचित्रातली असल्याने पट्टी किंवा माणूस शेजारी उभा असण्याची गरज नाही. एएसएमई या अमेरिकी अभियंता संस्थेच्या मापांनुसार क्लास १५० या दाबाच्या वर्गातील ६ इंची फ्लँजचा व्यास २७९ मिलिमीटर असतो. गेट व्हॉल्व्हची लांबी २६७, तर ग्लोबची ४०६ मिलिमीटर. म्हणजे गेटसाठी गुणोत्तर ०.९६ आणि ग्लोबसाठी १.४६. इतका फरक डोळ्यांनाही दिसतो : गेट व्हॉल्व्ह फ्लँजच्या उंचीपेक्षा किंचित आखूड, ग्लोब त्याच्या दीडपट लांब. लहान मापांत हा फरक कमी होतो. २ इंची व्हॉल्व्हमध्ये ही गुणोत्तरे १.१७ आणि १.३३ अशी जवळ येतात, तिथे बॉडीच्या पोटाकडे पाहणेच बरे.

नुकतेच एका साखर कारखान्याच्या वाफेच्या पाइपलाइनचे छायाचित्र तपासले, त्याचा हिशोब देतो. एकाच आडव्या पाइपवर दोन चाकवाले व्हॉल्व्ह होते, दोन्हींवर इन्सुलेशनचे अवशेष असल्याने बॉडीचा आकार धूसर होता आणि चाकाच्या वरचा भाग चौकटीबाहेर गेला होता. दोन्ही फ्लँजची उंची सारखीच, सुमारे ४१० पिक्सेल भरली. डावीकडच्या व्हॉल्व्हची लांबी ३९५ पिक्सेल, म्हणजे गुणोत्तर ०.९६, उजवीकडच्याची ५९८, म्हणजे १.४६. फ्लँजच्या समोरच्या अर्ध्या भागात चार बोल्ट दिसत होते, म्हणजे एकूण आठ, आणि क्लास १५० च्या ६ इंची फ्लँजलाही आठच बोल्ट असतात. डावा व्हॉल्व्ह गेट ठरला आणि त्याने पाइपचे मापही ठरवून दिले, त्यामुळे उजव्याची तुलना थेट ४०६ मिलिमीटरशी करता आली. इथे एक शंका उरते : ६ इंची लांब नमुन्याचा बॉल व्हॉल्व्ह ३९४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे गुणोत्तर १.४१, आणि अशा मोजणीत १.४१ व १.४६ वेगळे काढण्याचा दावा मी करणार नाही. तो निकाल चाकाने दिला. चाक गिअरबॉक्सच्या बाजूला नव्हते, बॉनेटच्या वर उभ्या आसावर होते, म्हणून उजवा व्हॉल्व्ह ग्लोब.

तिरप्या छायाचित्रात लांबी आखडते, व्यासाची उंची मात्र कमी होत नाही. कॅमेरा ३० अंशांनी तिरका असेल तर १.४६ चे गुणोत्तर १.२६ वर येते. याचा परिणाम एकाच दिशेने होतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे : तिरपेपणामुळे ग्लोब गेटसारखा भासू शकतो, पण गेट कधीच ग्लोबसारखा लांब भासत नाही. शिवाय तिरपेपणा लपून राहत नाही. फ्लँज सरळ रेषेऐवजी लंबवर्तुळ दिसू लागते, आणि ३० अंशांना त्या लंबवर्तुळाची रुंदी उंचीच्या निम्मी भरते. वरच्या उदाहरणातील डावा व्हॉल्व्ह तिरका दिसणारा ग्लोब असता, तर कॅमेरा जवळजवळ ४९ अंशांनी वळलेला असायला हवा होता आणि फ्लँजची रुंदी उंचीच्या तीन चतुर्थांश दिसायला हवी होती. प्रत्यक्षात कडा जवळजवळ रेषाच होत्या.

क्लास बदलला की आकडेही बदलतात. क्लास ३०० मध्ये ६ इंची गेट व्हॉल्व्ह ४०३ मिलिमीटर लांब असतो आणि त्याचे गुणोत्तर १.२७ होते, फक्त लांबी पाहणारा माणूस तिथे त्याला ग्लोब म्हणून मोकळा होईल. तिथे बोल्ट कामी येतात : या मापाला क्लास ३०० मध्ये आठऐवजी बारा बोल्ट असतात, म्हणजे समोर सहा. जुन्या ब्रिटिश मापांच्या फ्लँजना आणि पाणीपुरवठ्यातील स्लुइस व्हॉल्व्हना हे कोष्टक लावता येत नाही. स्लुइस व्हॉल्व्ह जातीने गेटच असतो, पण जमिनीखालच्या चेंबरमधल्या व्हॉल्व्हवर अनेकदा चाकच नसते, फक्त टी-आकाराच्या चावीसाठी चौकोनी टोपी असते. तिथे उंच बॉनेट आणि चपटी बॉडी हाच आधार.

पितळी, आट्यांनी जोडायच्या अर्ध्या-पाऊण इंची व्हॉल्व्हवर फ्लँजच नसतात, म्हणून तिथे गुणोत्तराचा उपयोग होत नाही. अशा वेळी मी बॉडीची खालची कड पाहतो : ती पाइपच्या रेषेखाली गोल फुगलेली असेल आणि बॉडीवर प्रवाहाचा बाण ओतलेला असेल तर ग्लोब, बाजू चपट्या आणि पोट नसलेले असेल तर गेट. बाण दिसला नाही म्हणून ग्लोब नाकारत नाही, कारण तो बहुतेक वेळा एकाच बाजूला असतो आणि छायाचित्र नेमके दुसऱ्या बाजूचे असते.